निळ्या खुणेमागचं खातं कुणाचं?

10 नोव्हेंबर 2022, गुरुवार. ट्विटरवर एका खात्यावरून एक ओळ प्रसिद्ध झाली. इन्सुलिन आता फुकट मिळेल, हे जाहीर करताना आम्हाला आनंद होतो आहे, असा तिचा आशय होता. खात्याचं नाव एली लिली अँड कंपनी, चित्राच्या जागी कंपनीचं बोधचिन्ह, आणि नावापुढे निळी खूण. एली लिली ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची औषध कंपनी, 1923 पासून इन्सुलिन विकणारी. तिथे इन्सुलिनच्या किमतीवरून लोक वर्षानुवर्षं चिडलेले होते. त्यामुळे ती ओळ वणव्यासारखी पसरली.

खातं बनावट होतं. कुणीतरी थट्टा म्हणून ते उघडलं होतं. काही तासांनी कंपनीने आपल्या खऱ्या खात्यावरून लोकांची माफी मागितली आणि आपलं अधिकृत खातं @LillyPad हे असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर चार टक्क्यांहून अधिक घसरला. ती घसरण त्या एका ओळीमुळेच झाली का, यावर बाजारातल्या जाणकारांचं एकमत नाही. पण कंपनीला त्या दिवशी स्वतःचीच ओळख पटवत बसावं लागलं, एवढं खरं.

आता हे दोन पत्ते शेजारी ठेवून पाहावेत. @EliLillyandCo हा बनावट आणि @LillyPad हा खरा. कुणालाही न सांगता विचारलं, यातला कंपनीचा कोणता, तर दहातले नऊ जण पहिल्याकडे बोट दाखवतील. दुसरा तर एखाद्या मुलीने शाळेच्या वहीवर लिहिलेल्या टोपणनावासारखा वाटतो. पण @ ने सुरू होणारं हे नाव, म्हणजे हँडल, ज्याने आधी मागितलं त्याला मिळतं. कंपनीचं अख्खं नाव त्यात शिस्तीत बसलं आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडेही तसंच. ‘ऑफिशियल’ हा शब्द भामट्यांच्या भारी आवडीचा, म्हणून तो दिसला की सावध व्हावं असं कुणी सांगेल. पण स्टेट बँकेचं खरंखुरं हँडल @TheOfficialSBI असंच आहे. नावावरून गाव ओळखायला जाल तर दोन्हीकडून फसाल.

मग ती निळी खूण? तिचीही एक कथा आहे. 2009 साली टोनी ला रुसा या बेसबॉल प्रशिक्षकाने, आपल्या नावाने कुणीतरी भलतंच खातं चालवतं म्हणून ट्विटरला कोर्टात खेचलं. त्यानंतर लगेचच ट्विटरने पडताळलेल्या खात्यांची पद्धत आणली. तेव्हा खुणेचा अर्थ सरळ होता: कंपनीतल्या कुणीतरी बसून, कागद पाहून, हे खातं त्याच माणसाचं आहे अशी खात्री केलेली आहे. तेरा वर्षं लोकांच्या डोळ्यांना तीच सवय लागली. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये, मालकी इलॉन मस्ककडे गेल्यावर, तीच खूण महिना आठ डॉलरना विकायला काढली गेली. कागद कुणी पाहीना, पण खूण दिसायला तंतोतंत तशीच राहिली.

फरक होता, पण तो खुणेच्या पोटात होता. त्या दिवसांत निळ्या खुणेवर बोट ठेवलं की एक छोटी चौकट उघडत असे. जुन्या, तपासलेल्या खात्यावर लिहिलेलं असे की हे खातं सरकार, बातम्या, मनोरंजन अशा एखाद्या क्षेत्रात नामांकित आहे म्हणून पडताळलेलं आहे. नव्या खात्यावर लिहिलेलं असे की या खात्याने ट्विटर ब्लूची वर्गणी भरलेली आहे. बस्स, एवढंच. लिलीच्या नावाची ओळ पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी ते एक बोट टेकवलं असतं तर त्याला कळलं असतं की समोरच्याने फक्त आठ डॉलर भरलेले आहेत. ट्विटरलाही हा घोळ दिसत होता. नव्या योजनेच्या पहिल्याच दिवशी मोठ्या खात्यांवर ‘अधिकृत’ अशी करडी पट्टी आली, त्याच दिवशी ती काढली गेली आणि दोन दिवसांनी पुन्हा आली.

पुढे डिसेंबर 2022 मध्ये रंग वाटून दिले गेले. कंपन्यांना सोनेरी खूण, सरकारी खात्यांना करडी, आणि पैसे भरणाऱ्या कुणालाही निळी. 20 एप्रिल 2023 ला जुन्या पद्धतीने मिळालेल्या निळ्या खुणा सरसकट काढून टाकल्या गेल्या. ट्विटरचं एक्स झालं, पण वाटणी साधारण हीच राहिली. म्हणजे एक्सवर बँकेच्या नावाच्या खात्याला निळी खूण दिसली, तर ती बँक असल्याची खूण नाही; कुणीतरी वर्गणीदार आहे, इतकाच तिचा अर्थ. डिसेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगाने एक्सला 12 कोटी युरोंचा दंड ठोठावला, त्यामागच्या कारणांत ही निळी खूण लोकांची दिशाभूल करते, हे एक ठळक कारण होतं.

सोनेरी खूण बरीच बरी, पण तीही देवाने दिलेली नाही. 2023 च्या एप्रिलमध्येच डिस्ने ज्युनियरच्या ब्रिटनमधल्या वाहिनीचं नाव लावलेल्या एका थट्टेखोर खात्याला ती मिळाली, आणि हे पाहून सगळ्यात जास्त चकित झाला तो खातं चालवणाराच. उलट बाजूही आहे. सोनेरी खुणेचा दर सुरुवातीला महिना हजार डॉलर होता. इतके पैसे कशाला, असं म्हणून कित्येक खऱ्या कंपन्यांनी ती घेतलीच नाही. म्हणून सोनेरी खूण नसणं हा बनावटपणाचा पुरावा धरता येत नाही.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांची मालक असलेली मेटा कंपनीही 2023 पासून खूण विकते, मात्र ती ओळखपत्र मागते. तिथे निळी खूण म्हणजे हे नाव लावणारी व्यक्ती किंवा धंदा खरोखर आहे, एवढी हमी. व्हॉट्सॲपवर तर गंमत वेगळीच. ‘बिझनेस अकाउंट’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर तो कुणीही फुकट उघडलेला हिशेब. पडताळलेल्या धंद्याला नावाच्या अगदी शेजारी खूण मिळते. पूर्वी ती हिरवी होती, 2024 पासून निळी झाली. हे ठाऊक असलेले भामटे काय करतात, तर बोधचिन्हाच्या चित्रातच खूण रंगवून घेतात. गोल चित्राच्या कोपऱ्यात खूण दिसते, घाईत पाहणाऱ्याला ती पुरते. चित्रातली खूण ही चित्रकाराने काढलेली असते. नावाशेजारची खूण तेवढी व्हॉट्सॲपने दिलेली असते. एक्सवरही नावातच बरोबरच्या खुणेचा इमोजी घुसडणारे कमी नाहीत.

या सगळ्या खुणांचं एक समान दुखणं आहे. त्या खात्याच्या अंगावर असतात, आणि खातं हे ज्याच्याविषयी शंका आहे त्याचंच घर. चोराच्या घरी जाऊन त्यालाच साव आहेस का विचारण्यासारखं ते आहे. खात्याच्या परिचयात कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिलेला असतो, आणि तो खराही असू शकतो. परिचयात काय लिहावं यावर कुणाचा पहारा नसतो. थट्टेखोरालाही तिथे lilly.com लिहिता आलं असतं. खात्याकडून संकेतस्थळाकडे जाणारा बाण कुणीही काढू शकतो. संकेतस्थळाकडून खात्याकडे येणारा बाण मात्र ज्याच्या हातात ते संकेतस्थळ आहे, त्यालाच काढता येतो. लिलीच्या बाबतीत कुणी lilly.com उघडून तिथून ट्विटरकडे गेला असता, तर तो @LillyPad वर पोचला असता. @EliLillyandCo त्या वाटेवर कुठे लागलंच नसतं. पडताळणीची सगळी कळ या एका उलट्या चालीत आहे.

ही चाल प्रत्यक्षात कशी खेळायची, ते एका प्रसंगावर पाहू.

असं समजा, की पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी एटीएममधून पाच हजार काढायला कार्ड घातलं. यंत्र घरघरलं, नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश मात्र आला. शाखा बंद, हेल्पलाइनवर नुसतं संगीत. वैतागून त्यांनी एक्सवर बँकेचं नाव घालून तक्रार लिहिली. दोनच मिनिटांत उत्तर आलं. बँकेचं बोधचिन्ह, नावात ‘ग्राहक सेवा’, पुढे निळी खूण. मजकूर नम्र: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत सर, आपला मोबाइल नंबर खासगी संदेशात पाठवा, आमचे अधिकारी तातडीने फोन करतील.

इथे सरांनी पहिली गोष्ट योग्य केली, ती म्हणजे उत्तरातल्या कशालाही हात लावला नाही. ना खात्याच्या परिचयातल्या दुव्याला, ना दिलेल्या नंबराला. बँकेचं नाव गुगलवरही शोधलं नाही, कारण शोधात सगळ्यात वर येतात त्या पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असू शकतात. त्यांनी पासबुक काढलं आणि त्यावर छापलेला संकेतस्थळाचा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये स्वतः टाइप केला. पासबुक चार वर्षांपूर्वीचं, पत्ता जुना. पण उघडल्यावर तो आपोआप नव्या पत्त्यावर गेला, आणि त्या पत्त्याचा शेवट.bank.in असा होता.

या शेवटाला वजन आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या फेब्रुवारीत त्याची घोषणा केली आणि सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत त्यावर जायला सांगितलं. स्टेट बँक त्यामुळे sbi.bank.in झाली. नागरी सहकारी बँकांनाही हा नियम लागू आहे, आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या देशात सर्वाधिक असल्याने आपल्या वाचकांतल्या अनेकांच्या पतपेढीवजा बँकेचाही पत्ता बदलला असेल. महत्त्वाचं असं, की साधा .com किंवा .in पत्ता कुणीही काही शे रुपयांत विकत घेतो, पण .bank.in देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेला आहे, आणि ती तो बँकांनाच देते. दुकानाची पाटी कुणीही रंगवू शकतो, पण दुकानाचा परवाना नाही; .bank.in हा परवान्याच्या जातीचा आहे.

मात्र पत्ता वाचण्याची एक रीत आहे. पत्त्यातली पहिली एकटी तिरपी रेघ शोधायची आणि तिथून उजवीकडून डावीकडे यायचं. रेघेच्या लगेच आधी जे आहे, ते खरं. भामटे हेच उलटवतात:

```
https://sbi.bank.in/web/personal-banking
https://sbi.bank.in.example.com/refund
```

दुसऱ्या ओळीत sbi.bank.in दिसतं खरं, पण ते पुढे चिकटवलेलं आहे, मालक example.com आहे. फोनच्या अरुंद पडद्यावर पत्त्याचा डावीकडचाच तुकडा दिसला, तर ही ओळ पहिलीसारखीच भासते. पत्त्यावर एकदा बोट दाबून तो पूर्ण पाहण्याचा कंटाळा करू नये. आणि कुलूप? ब्राउझरमधलं कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधे कुणी चोरून ऐकत नाही, एवढंच. पलीकडे बसलेलाच चोर असेल तर कुलूप त्याचंही रक्षण करतं. लोक त्याचा भलता अर्थ घेतात हे पाहून क्रोमने 2023 मध्ये ते कुलूप काढूनच टाकलं.

सर संकेतस्थळाच्या अगदी तळाशी गेले. तिथे फेसबुक, एक्स, इन्स्टाग्राम, यूट्यूबची चिन्हं एका ओळीत होती. एक्सच्या चिन्हावर बोट ठेवताच एक खातं उघडलं. सरांनी दोन्ही हँडलं कागदावर एकाखाली एक लिहून काढली. पडद्यावर इंग्रजी मोठा आय आणि लहान एल जुळ्या भावंडांसारखे दिसतात, शून्य आणि ओ यांचीही तीच गत; कागदावर उतरवताना थांबून विचार करावा लागतो. उत्तर देणाऱ्या खात्याच्या हँडलात एक खालची रेघ जास्त होती आणि शेवटी दोन अंक होते.

तरी इथे लगेच निकाल द्यायचा नसतो. तक्रारींसाठी वेगळं खातं ठेवण्याची अनेक बँकांची पद्धत आहे. एचडीएफसी बँकेचं @HDFCBank_Cares हे त्यातलं. संकेतस्थळाच्या तळाशी अनेकदा मुख्य खातंच असतं, तक्रारीचं नसतं. अशा वेळी साखळी आणखी एक कडी पुढे न्यायची: संकेतस्थळावरून मुख्य खातं, आणि मुख्य खात्याच्या परिचयावरून तक्रारीचं खातं. एक्सवर दुसरीही सोय आहे. सोनेरी खुणेची कंपनी आपल्या शाखा-खात्यांना जोडून घेऊ शकते; मग त्यांच्या नावाशेजारी मूळ कंपनीच्या बोधचिन्हाचा इवलासा चौकोन येतो आणि त्यावर बोट ठेवलं की मूळ खातं उघडतं. सरांनी बँकेच्या मुख्य खात्याचा परिचय वाचला, तर तिथे तक्रारीचं हँडल दिलेलं होतं. ते तिसरंच निघालं.

मग त्यांनी उत्तर देणाऱ्या खात्याकडे जरा निवांत पाहिलं. सुरू झाल्याचा महिना मागचाच. आणि सगळ्यात बोलकी जागा म्हणजे उत्तरांचं पान: गेल्या तासाभरात त्या खात्याने तीन वेगवेगळ्या बँकांच्या ग्राहकांना तोच दिलगिरीचा मजकूर, तोच ‘सर’, पाठवला होता. बोधचिन्ह एका बँकेचं आणि सेवा तिन्ही बँकांची.

या वयाच्या पुराव्याला मात्र मर्यादा आहे. जुनं खातं म्हणजे खरं खातं असं नव्हे, कारण जुनी खाती विकत मिळतात. कालपर्यंत पाककृती टाकणारं लाखभर अनुयायांचं फेसबुक पान नाव बदलून एका रात्रीत विमान कंपनीचं होतं. म्हणून फेसबुकवर पानाच्या पारदर्शकतेचा विभाग उघडावा. तिथे पान कधी बनलं, आधी त्याची नावं कोणती होती आणि ते चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे दिसतं. इन्स्टाग्रामवर खात्याविषयीची माहिती तीन टिंबांमागे असते. एक्सनेही नोव्हेंबर 2025 पासून खात्याचा देश आणि हँडल किती वेळा बदललं हे दाखवायला सुरुवात केली, अर्थात देशाचा अंदाज कधीकधी चुकतो.

सरांच्या पाच हजारांचं काय? एटीएमचा व्यवहार फसला तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत बँकेने रक्कम आपणहून परत करायची, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 पासूनचा नियम आहे. यासाठी कुणाला ओटीपी सांगायचा नसतो, कुठलं ॲप उतरवून पडदा दाखवायचा नसतो. ज्यांनी ते आधीच केलं असेल त्यांनी 1930 वर लगेच फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात ते सुरुवातीच्या काही तासांतच.

बँकांना .bank.in चा आधार आहे, तसा विमान कंपनीला, कुरियरला किंवा ऑनलाइन दुकानाला नाही. तिथे सुरुवातीची जागा म्हणजे जे आपल्या हातात आधीपासून आहे ते: तिकिटाचा ईमेल, बिल, खोक्यावरची छापील पट्टी, फोनमध्ये आधीच असलेलं ॲप. आणि संकेतस्थळाच्या तळावरही डोळे झाकून विसंबू नये. कंपन्या खाती सोडून देतात, पण तळाशी असलेलं चिन्ह कुणी काढत नाही. सोडलेलं हँडल मोकळं झालं आणि दुसऱ्या कुणी ते उचललं, तर खऱ्या संकेतस्थळावरचा खरा दुवा परक्याच्या दारात नेऊन सोडतो. तिथे काही विचित्र दिसलं तर दोन वर्षांच्या नोंदी खाली सरकवून पाहाव्यात; खऱ्या कंपनीच्या खात्याला कंटाळवाणा भूतकाळ असतो, दिवाळीच्या शुभेच्छा, आर्थिक निकाल, भरतीच्या जाहिराती.

सगळं जुळूनही मजकूर खोटा असू शकतो, ही यातली सगळ्यात अवघड गाठ. 9 जानेवारी 2024 ला अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, एक्स खात्यावर बिटकॉइनच्या फंडांना मंजुरी दिल्याचं जाहीर झालं. खातं खरं, सरकारी खूण खरी, संकेतस्थळावरचा दुवाही त्याच खात्याकडे जाणारा. पण कुणीतरी त्या खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेतला होता, आणि खात्याचं दुहेरी कुलूप महिनोन् महिने बंदच होतं. बिटकॉइनचा भाव उसळला आणि अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी आपल्या खात्यावरून खुलासा करताच कोसळला. गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी ती मंजुरी खरोखर दिली गेली. अशा घोषणेचा आदेश संकेतस्थळावर असतो; त्या पहिल्या दिवशी तो तिथे नव्हता.

आपल्याकडे 20 सप्टेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीवर, जिथे घटनापीठांच्या सुनावण्या लोक पाहायचे, अचानक एका अमेरिकी कंपनीच्या आभासी चलनाचे व्हिडिओ दिसू लागले. वाहिनी तीच, पत्ता तोच, पण ताबा परक्याचा. काही वेळाने वाहिनी बंद झाली. ती का दिसत नाही आणि लवकरच पुन्हा सुरू होईल, ही सूचना लोकांना मिळाली ती न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर.